आठ महिन्यांनंतर सँड फिल्टर: दोष वाळूचा नव्हता, बॅकवॉशच्या पाइपाचा होता

आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावावर 24 इंच व्यासाचा सँड फिल्टर बसवून आठ महिने झाले. पाचव्या महिन्यात मी त्याच्याविषयी अत्यंत कडवट मत लिहून ठेवले होते. ते आता मागे घेत आहे.

स्वच्छ फिल्टरचा दाबाचा गेज 0.8 किलो दाखवत असे आणि तो 1.3 वर गेला की आम्ही बॅकवॉश करत होतो, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धूत होतो. पुढे बॅकवॉश करूनही काटा 1.0 च्या खाली येईना आणि चार दिवसांतच पुन्हा 1.3 गाठू लागला. देखभालीच्या ठेकेदाराने न तपासताच वाळू बदलण्याचा खर्च सांगितला, त्याचा मला अजूनही राग आहे. झाकण उघडून पाहिले, तेव्हा वाळूचे दाणे चांगलेच होते. मात्र वरच्या थरात चिखलाचे गोळे बांधले होते आणि मध्येच खोलगट वाटा पडल्या होत्या.

गाळताना पाणी वरून खाली जाते, त्यामुळे वाळू दबलेली राहते आणि घाण मुख्यतः वरच्या काही इंचांत अडकते. बॅकवॉशमध्ये तेच पाणी तळाच्या जाळीनळ्यांतून वर येते. त्याला पुरेसा वेग असेल, तर वाळूचा सगळा थर फुगतो, दाणे सुटे होऊन एकमेकांवर घासतात आणि त्यांना चिकटलेला मळ निघतो. मळ हलका असल्याने पाण्याबरोबर बाहेर जातो, तर जड दाणे टाकीतच राहतात. वेग कमी पडला, तर थर उचललाच जात नाही. पाणी सोपी वाट शोधून निघून जाते आणि उरलेल्या घाणीचे गोळे होतात.

आमच्या टाकीला मिनिटाला साधारण 190 लिटर प्रवाह हवा. बॅकवॉशच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली 200 लिटरचा ड्रम धरला, तर तो भरायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम 120 लिटर. कारण माझ्याच काटकसरीत होते. टँकरचे पाणी गटारात जाऊ नये म्हणून मी त्या पाइपाला एक इंची नळी जोडून ती बागेपर्यंत नेली होती. नळी काढताच तोच ड्रम एका मिनिटात भरला.

गोळे हाताने फोडून काढले आणि पुन्हा बॅकवॉश केला. बाहेर जाणारे पाणी ज्या काचेतून दिसते, तिच्यात सुरुवातीची काही सेकंदे पाणी स्वच्छच दिसते, कारण ते वाळूच्या वर साठलेले असते. खरी घाण त्यानंतर येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. आमच्याकडे काच तीन मिनिटांत नितळ होते. मग पंप बंद करून व्हॉल्व्हचा दांडा ‘रिन्स’वर आणावा आणि पंप सुरू करून अर्धा मिनिट पाणी बाहेर सोडावे, नाहीतर उरलेला गढूळपणा तलावात येतो. पंप चालू असताना दांडा फिरवल्यास व्हॉल्व्हमधील रबरी गॅस्केट खराब होते.

पूर्वी दर चार दिवसांनी दहा मिनिटे, म्हणजे 1200 लिटर पाणी जात असे. आता बारा दिवसांनी बॅकवॉशचे 600 लिटर जाते. ते मोठ्या पाइपाने शेजारच्या उघड्या हौदात सोडतो आणि क्लोरीन उडून गाळ बसल्यावर बागेला देतो. गेज पुन्हा 0.8 वर आहे आणि वाळू जुनीच आहे.