एक एचपीचा पंप, नऊ महिन्यांनंतर

इंदूर, राजेंद्रनगर. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड हौदात येतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. ज्या दिवशी पाणी येतं त्या सकाळी गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात, आणि आमची बरोब्बर पंधराव्या मिनिटाला बंद पडायची. हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू, तोवर मी गच्चीवर टाकीत डोकावत उभा.

कंपनीचा माणूस आला, "व्होल्टेज कम है" म्हणाला आणि व्हिजिटचे साडेतीनशे घेऊन गेला. मग मी अठ्ठावीसशेचा स्टॅबिलायझर आणून पंपाशेजारी बसवला. मोटार सुरू करताच तो टक्-टक् करून सप्लायच तोडायचा. पंपाला मी तेव्हा इथे एकच तारा दिला असता.

पण वायरमन दादांनी मीटरपाशी व्होल्टेज मोजलं, 192. मोटार चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर मोजलं, 174. म्हणजे अठरा व्होल्ट आमच्याच घरात गायब! मीटर फाटकाशी, पंप मागच्या अंगणात, मध्ये तीस मीटर लांब एक स्क्वेअर एमएमची तार. जाऊन-येऊन साठ मीटर, तिथे साडेआठ अँपिअरला नऊ व्होल्ट जातात. उरलेले नऊ जिन्याखालच्या पिळलेल्या जोडात. टेप सोलली तर आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. तेवढ्या जागेत जवळजवळ पंचाहत्तर वॅट नुसते तापत होते. सुरू होताना मोटार कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज आणखी कोसळायचं आणि स्टॅबिलायझर घाबरून तोडायचा. तो आता अर्ध्या किमतीत विकला, हे मला अजून बोचतं.

चार स्क्वेअरची सलग तांब्याची तार टाकली, मध्ये एकही जोड नाही. आता 192 ला पंपापाशी 189 मिळतात आणि टाकी एका दमात भरते. म्हणून पंपाला दिलेल्या अर्ध्या शिव्या मागे. मे महिन्यात मीटरवरच 172 असलं की अजूनही ट्रिप होतो, त्याला तार काय करणार? तेव्हा रात्री अकरानंतर भरतो.

उरलेल्या अर्ध्या शिव्या कायम आहेत. एकदा हौद रिकामा झाला आणि मोटार बराच वेळ कोरडी फिरली, तरी हा ट्रिप झालाच नाही. व्होल्टेज कमी असलं की करंट वाढतो, म्हणून आतला थर्मल कट-आउट तोडतो. पाणीच नसलं तर भार नाही, करंट उलट घटतो, आणि त्याला काही कळत नाही. आत उरलेलं पाणी उकळलं, सील जळालं, शाफ्टपाशी थेंब-थेंब गळायला लागलं. मजुरीसकट सहाशे गेले. आता हौदात फ्लोट स्विच लटकवलाय. पाणी तळाशी गेलं की तोच मोटार बंद करतो. सौ. मात्र अजून दर वेळी वाकून हौद बघतेच.