वॉलेट गोठलंय, साउंडबॉक्स मात्र बोलतोय: काही महिन्यांच्या वापरानंतर

सपोर्ट टीमला नमस्कार. माझं छोटं किराणा दुकान आहे. तुमचा क्यूआर आणि साउंडबॉक्स दिवाळीपासून वापरतोय. चांगलं ते आधी सांगतो. हात तेलाचे असताना मोबाइल चाचपावा लागत नाही, रक्कम मराठीत ऐकू येते, आणि परवापर्यंत दिवसाचा गल्ला रात्री वॉलेटमधून बँकेत जायचा. बॉक्सच्या भाड्याबद्दलही कुरकुर नाही.

आता मुद्द्याचं. होलसेलवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर ॲपनं नकार दिला. आत 31,400 रुपये अडकलेत. गिऱ्हाईक अजूनही स्कॅन करतं, बॉक्स रक्कम पुकारतो, पैसे आत जातात. बाहेर मात्र छदाम निघत नाही. म्हणजे तुम्ही फक्त डेबिट अडवलंय. मी लगेच तुमचा क्यूआर झाकून बँकेचा लावला. असं झालं तर इतर दुकानदारांनीही आधी हेच करावं, नाहीतर रोजची विक्रीही त्यातच अडकते.

चॅटवर एकच उत्तर: ‘केवायसी अपडेट करा.’ अहो, ती कधीच पूर्ण झालीय, ॲपमध्ये तसं दिसतंय. खूप मागे लागल्यावर कळलं की सायबर तक्रार आहे. एका अनोळखी गिऱ्हाइकानं तेलाचा डबा नेला होता, 2,460 रुपये स्कॅन करून. ते पैसे कुणाला तरी फसवून आणलेले निघाले. फसलेल्या माणसानं 1930 वर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, तिथं तिथं ते अडवायची सूचना जाते. त्या साखळीच्या शेवटी माझं दुकान. ज्याचे गेले त्याचं दुःख मला कळतं. पण वादातले 2,460 बाजूला ठेवा ना, बाकीचे 28,940 कशाला धरून ठेवलेत? वादातली रक्कम तेवढीच अडवावी, असं केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्येच म्हटलंय.

‘पोलिसांकडून पत्र आणा’ म्हणता. कुठल्या पोलिसांकडून? सायबर पोर्टलवरच्या तक्रारीचा पोचक्रमांक, ती कुठल्या राज्यातल्या कुठल्या ठाण्याकडे आहे, आणि तुम्हाला किती रक्कम अडवायला सांगितलंय, एवढं ईमेलनं लेखी कळवा. माझ्याकडे डब्याचं बिल आहे, होलसेलवाल्याचं खरेदीचं बिल आहे, त्या व्यवहाराचा यूटीआर आहे. ठाणं कळलं की तपास अधिकाऱ्याला आजच पाठवतो. सूचना फक्त 2,460 ची असेल तर बाकी रक्कम सोडायला पोलिसांच्या पत्राची गरजच काय?

आणि उत्तर न देता ‘प्रश्न सुटला’ म्हणून तिकीट बंद करायची तुमची सवय सोडा. हीच तक्रार तुमच्या नोडल अधिकाऱ्यालाही ईमेल केलीय. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. तिथं फी लागत नाही.

बॉक्सला चार तारे, सपोर्टला एक. तोही चॅटवरची मुलगी निदान खरं कारण बोलली म्हणून.