स्क्रीनवरून टिपलेली पावती: फोटो पुन्हा काढावा, पुसट करावा की जाळी पुसावी?

इंदूरच्या राजवाडा भागातलं एक कापडाचं दुकान घ्या. वाहतूकदाराच्या ऑफिसात मुनीमजी मॉनिटर फिरवून पावती दाखवतात, दुकानातला मुलगा मोबाइलवर फोटो काढतो आणि संध्याकाळी हिशेबाच्या संगणकावर त्यातले आकडे वाचायचे असतात. फोटोत इंद्रधनुषी पट्टे असतात, वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ. हे साफ करायचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची चांगली-वाईट बाजू वेगळी आहे. पावती मेलवर किंवा पीडीएफमध्ये मिळत असेल, तर यातलं काहीच करू नका. ती मागून घ्या.

आधी पट्टे का येतात ते समजून घेऊ, कारण निवड त्यावरच ठरते. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर आडवे 1920 ठिपके असतात. मोबाइलचा 12 मेगापिक्सेल फोटो आडवा 4000 पिक्सेलचा असतो. पूर्ण मॉनिटर चौकटीत बसवला, की एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल आणि निळा रंग एकाआड एक पिक्सेलवरच मोजला जातो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका ठिपक्याला एकच मोजणी. स्क्रीनच्या ठिपक्यांची आणि सेन्सरच्या पिक्सेलची अशा दोन जाळ्या जवळपास जुळतात, पण पूर्ण नाही, आणि त्या उरलेल्या फरकातून सुमारे 50 पिक्सेल रुंदीचे रंगीत पट्टे तयार होतात. यालाच मॉयरे म्हणतात. गंमत अशी की ‘सगळा मॉनिटर नीट बसला’ म्हणून माणूस खूश होतो तीच नेमकी सर्वांत वाईट जागा.

फोटो पुन्हा काढणं

मॉनिटर अजून समोर असेल तर हाच मार्ग. पावती स्क्रीनवर 200 टक्के मोठी करा. अक्षरं दुप्पट होतात, ठिपक्यांची जाळी तेवढीच राहते, त्यामुळे पुढे जाळी पुसताना अक्षरं टिकतात. मग मोबाइल आडवा धरून स्क्रीनपासून साधारण 18 सेंटिमीटरवर आणा, म्हणजे चौकटीत सुमारे 25 सेंटिमीटर रुंदी येते: 900 ठिपके, प्रत्येकाला चार-साडेचार पिक्सेल. पावती उंच असेल तर वरचा आणि खालचा असे दोन फोटो घ्या. फोटो मोठा करून पाहिल्यावर पट्ट्यांऐवजी बारीक जाळी दिसली तर काम फत्ते.

चकाकीचा बंदोबस्तही इथेच होतो. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण करा आणि गडद थीम असेल तर पांढरी करा. प्रतिबिंब हे प्रकाशात भर घालतं, पांढऱ्यावर ते कमी जाणवतं आणि काळ्यावर उठून दिसतं. ब्राइटनेस कमी ठेवल्यावर अनेक स्क्रीन लुकलुकतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. तो मॉयरे नव्हे, आणि त्याचा उपायही पूर्ण ब्राइटनेस हाच. ट्यूबलाइट बंद करता येत नसेल तर फोटो काढणाऱ्याच्या मागे कोणी तरी गडद ओढणी किंवा चादर धरली तरी पुरतं.

पुसट करून पार्श्वभूमीने भागणं

फोटो आधीच आलेले असतील, महिन्याला शे-दोनशे, तर हा मार्ग सोपा. गॉसियन पुसटपणाचा सिग्मा, म्हणजे तो किती पसरतो तो आकडा, जाळीच्या अंतराच्या निम्मा ठेवा. एका ठिपक्याला चार पिक्सेल असतील तर सिग्मा 2. एवढ्याने जाळीचा जोर एक टक्क्याच्याही खाली जातो. दोन ठिपके जाड रेघ आणि तेवढंच मोकळं अंतर असेल, तर तिचा सुमारे तीन-चतुर्थांश जोर टिकतो. 100 टक्के आकारात दाखवलेल्या पावतीत एक ठिपका जाड रेघा असतात आणि त्यांचा जोर तिसऱ्या हिश्शापेक्षाही खाली येतो. 8 आणि 6 इथेच एकमेकांत मिसळतात, दशांश चिन्ह गायब होतं.

```python
import cv2
img = cv2.imread("pavati.jpg")
g = img[:, :, 1]
g = cv2.GaussianBlur(g, (0, 0), 2)
bg = cv2.medianBlur(g, 101)
out = cv2.divide(g, bg, scale=255)
cv2.imwrite("saaf.png", out)
```

पुसट करूनही रुंद रंगीत पट्टे जात नाहीत, कारण ते अक्षरांपेक्षा मोठे असतात. म्हणून वरच्या कोडात फक्त हिरवा रंग घेतला आहे: सेन्सरवर हिरव्याचे मोजणीबिंदू दुप्पट असतात, वरच्या उदाहरणात तो पट्ट्यांतून बराचसा सुटतो. उरलेला उजेड-अंधार शेवटच्या भागाकाराने सपाट होतो. दोन ठिकाणी हे फसतं. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं ‘यशस्वी’ फिकट होतं. आणि गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर भागाकार सगळंच 255 वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर नेऊन त्यांना पुसून टाकतो. तो भाग वेगळा कापून आधी उलटवा.

फूरिए रूपांतर करून जाळी पुसणं

पुसट न करता जाळी काढायची तर Fiji या चित्र-प्रक्रियेच्या मोफत प्रोग्राममध्ये फोटो करड्या रंगात घेऊन Process > FFT > FFT करा. मध्यबिंदूपासून दूर, समोरासमोर जोडीने चमकणारे ठिपके दिसतात. प्रत्येक जोडीवर काळा गोल रंगवा, मग Inverse FFT. आधी फोटोचा तिरपेपणा सरळ करायला विसरू नका, नाही तर अंतर वरून खालपर्यंत बदलत जातं, ठिपक्यांची शेपटी होते आणि ती पुसताना अक्षरंही जातात. मध्यरेषेवर येणाऱ्या काही खुणा जाळीच्या नसतात, पावतीतल्या समान अंतराच्या ओळींच्या असतात. त्या पुसल्या की ओळींच्या मधे भुतासारख्या फिकट रेघा उमटतात.

अक्षरं बारीक राखण्यात हा मार्ग सरस आहे, पण प्रत्येक फोटोला हात लावावा लागतो. दोन-चार महत्त्वाच्या पावत्यांसाठी ठीक, रोजच्या गठ्ठ्यासाठी नाही.

चकाकीपुढे मात्र मागचे दोन्ही मार्ग हरतात. रेघेच्या जागी पिक्सेल 255 वर अडकले असतील तर खाली काय लिहिलं होतं ते फोटोत उरलेलंच नाही, कुठलाही फिल्टर ते परत आणणार नाही. त्यासाठी मुलाला एकच सूचना द्या: दुसरा फोटो 15 सेंटिमीटर बाजूला सरकून काढ. चकाकी जागा बदलते, अक्षरं बदलत नाहीत. पावती सपाट असल्याने OpenCV च्या findHomography आणि warpPerspective ने दुसरा फोटो पहिल्यावर बसतो, मग `cv2.min(a, b)` ने प्रत्येक जागी कमी उजेडाचा पिक्सेल ठेवायचा. क्रम सांभाळा: आधी दोन्ही फोटो पुसट करा, मग किमान घ्या. उलट केलंत तर दोन्ही जाळ्यांच्या काळ्या रेघा एकत्र येऊन फोटो आणखी खराब होतो.

मुलाने फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने आकार लहान होतो आणि जाळी ओळखायला आवश्यक असलेले बारीक तपशील आधीच गेलेले असतात.

साफ झालं की नाही हे डोळ्यांनी नव्हे, आकड्यांनी तपासा. युपीआयचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो, 11 आले तर एक पुसला गेला. जीएसटी क्रमांक 15 अक्षरी, मध्य प्रदेशचा 23 ने सुरू होतो, 28 किंवा 73 वाचलं तर फोटो पुन्हा पाहा. ₹1,248.00 वाचताना रुपयाचं चिन्ह 2 किंवा 7 समजलं जातं आणि रक्कम एकदम 21,248 होते. हे मॉयरेशिवायही घडतं, म्हणून भाडं, हमाली आणि कर यांची बेरीज एकूण रकमेशी जुळते का हे पाहूनच ती पावती खात्यात घ्या.