मासे सोडायचे की मीठ? हृदयासाठीचे तीन आहार, मालवणच्या ताटासमोर ठेवून

माझे मामा मालवणचे, वय 58. रक्तदाब 150 च्या आसपास निघाला आणि घरात तीन सल्ले आले: कुणी म्हणालं भूमध्यसागरी आहार घ्या, कुणी रक्तदाब उतरवण्यासाठी आखलेला डॅश आहार, कुणी पूर्ण शाकाहार. मामांचा प्रश्न एकच, "मग काय, मासे सोडूचे?" त्यांच्यासाठी मी हे तिन्ही आहार शेजारी ठेवून पाहिले. प्रत्येकामागचा पुरावा नेमका कशाचा आहे, हे आधी कळायला हवं.

भूमध्यसागरी आहाराची बाजू भक्कम आहे, कारण त्याच्या प्रयोगांत थेट हार्ट अटॅक आणि पक्षाघात मोजले गेले. स्पेनमधल्या प्रेडिमेड प्रयोगात धोका जास्त असलेले सुमारे 7,400 लोक होते. काहींना भरपूर ऑलिव्ह तेल, काहींना रोज 30 ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट, तर उरलेल्यांना चरबी कमी करण्याचा सल्ला दिला. सुमारे पाच वर्षांत सल्ल्याच्या गटात हजारी 44 जणांना अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला. तेलाच्या गटात 38 आणि सुक्या मेव्याच्या गटात 34. फरक खरा आहे, पण चमत्कार नव्हे. काही ठिकाणी गट चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले गेलेच नव्हते, असं पुढे उघड झालं. म्हणून 2013 चा निबंध मागे घेऊन 2018 मध्ये नव्याने छापला, आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. ज्यांना आधीच हृदयविकार आहे अशा 1,002 जणांवर कॉर्डोबात सात वर्षं चाललेल्या प्रयोगातही हाच आहार कमी चरबीच्या आहारापेक्षा सरस ठरला.

डॅशचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. 1997 च्या प्रयोगात लोकांना आठ आठवडे तयार जेवण दिलं. भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं, मीठ मात्र सगळ्यांना सारखंच ठेवलं. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा सुमारे 11 ने उतरला, आणि उतार पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागला. 2001 मध्ये मीठही कमी केलं, तेव्हा तो आणखी खाली आला. पण अटॅक टळले का, हे मोजण्याइतका हा प्रयोग लांब नव्हता.

शाकाहाराने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. मात्र अटॅकबद्दलचा पुरावा मुख्यतः लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून मिळालेला आहे. त्यातही मैदा, साखर आणि तळणावर चाललेला शाकाहार लाभत नाही.

तिघांत सामायिक काय? भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्यं आणि दाणे भरपूर. घट्ट चरबीऐवजी तेल. खारवलेलं मांस आणि साखर जवळपास नाहीच. मासे काढायला भूमध्यसागरी आहार सांगत नाही, उलट आठवड्यातून तीनदा खा म्हणतो. डॅशमध्येही मासे चालतात. म्हणून मामांसाठी मी निवड अशी केली: सांगाडा भूमध्यसागरी, मिठाचा हिशेब डॅशचा.

आता त्यांचं ताट. सकाळी पेज, सोबत खारातली कैरी. दुपारी भात, माशाची आमटी, आगळाची सोलकढी. रात्री कुळथाची पिठी आणि भाजलेला खारा बांगडा. कुळीथ, बांगडा, आमटीतलं तिरफळ, सगळं उत्तम. घोटाळा मिठाचा आहे. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आगळ मिठातच टिकतं, आणि मामी कढीला वरून पुन्हा मीठ घालायची. आता बिनमिठाची आमसुलं भिजवून कढी होते. खाऱ्या बांगड्याच्या जागी ताजा आला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकटीकडे हात जातोच. त्या महिन्यांत वाल, चवळी आणि कुळीथ वाढवायचे. सुका बोंबील धुऊन घेतला तरी त्यातलं सगळं मीठ जात नाही.

दुसरी गोष्ट नारळाची. प्रयोगांत शेंगदाणा, सोयाबीनसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल डेसिलिटरमागे साधारण 10 मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. म्हणून फोडणी शेंगदाणा तेलाची, वाटणातलं खोबरं निम्मं. शेंगदाणा तेलात असंतृप्त चरबी जास्त असते, तरी स्पेनचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावू नये. भाताची एक वाटी कमी करून नाचणीची भाकरी आली आणि बाजूला अळू किंवा शेवग्याचा पाला.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. डॅशमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मामांनी सुरुवातीला रक्त तपासून घेतलं. आता रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून ते रक्तदाब मोजतात आणि कॅलेंडरवर लिहितात. चार आठवडे झाले की ते पान घेऊन डॉक्टरांकडे जायचं आहे.