एम.एड.साठी राजीनामा: तीन महिन्यांची नोटीस की नोटीस-वेतन?

खासगी संस्थेच्या प्राथमिक शाळेतला कायम शिक्षक एम.एड.ला निघाला की राजीनाम्याचा अर्ज तो दोन प्रकारे लिहू शकतो. एकात तीन महिन्यांची नोटीस देऊन ती पूर्ण करायची. दुसऱ्यात नोटिशीचे पैसे भरून लवकर मोकळं व्हायचं. दोन्हींचा मजकूर चार ओळींनीच वेगळा असतो, पण त्या ओळी चुकल्या तर कार्यमुक्ती अडकते आणि तिकडे प्रवेशाची मुदत निघून जाते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा राजीनामा वेगळ्या नियमांनी चालतो. इथलं सगळं खासगी शाळांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याबद्दल आणि १९८१ च्या नियमावलीबद्दल आहे.

राजीनामा द्यायलाच हवा का, हे आधी तपासा. एम.एड. दोन वर्षांचं, पूर्णवेळ आहे. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी लागते. उदगीरला शाळा आणि नांदेडला एम.एड. हे एकाच वेळी जमत नाही. पण हवी ती पदवी शिक्षणशास्त्रातली एम.ए. असेल, तर मुक्त विद्यापीठातून ती नोकरी सांभाळून करता येते. शिवाय ज्यांना जुनी पेन्शन लागू आहे त्यांनी हे विसरू नये की राजीनाम्याने मागची सेवा पेन्शनसाठी बाद होते, आणि शिक्षणासाठी सोडलं म्हणून त्यात सूट मिळत नाही. अशांनी आधी रजेचा अर्ज करून पाहावा.

आता नोटिशीकडे. नियम ४० प्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यायची. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच नियमातलं तिसरं पोटकलम मात्र नजरेतून सुटतं: सुट्टीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येऊ द्यायचा नाही, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस द्यायची नाही. सुट्टी म्हणजे उन्हाळ्याची आणि दिवाळीची दीर्घ सुट्टी. पोळा किंवा महालक्ष्म्यांच्या एखाद-दोन दिवसांचा इथे प्रश्न नाही.

या अटी कॅलेंडरवर ठेवल्या की वर्षात दोनच खिडक्या उरतात. एक दिवाळीची सुट्टी संपल्यापासून साधारण जानेवारीअखेरपर्यंत, म्हणजे तीन महिने मे लागायच्या आत संपतात. दुसरी जुलैच्या मध्यावर, आणि ती दिवाळी कधी येते यावर अवलंबून. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. शाळा १५ जूनला उघडली असं धरलं, तर १५ जुलैची नोटीस १४ ऑक्टोबरला संपते आणि दिवाळीच्या सुट्टीला लागत नाही. २०२५ सारखी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली, की ही खिडकी एक-दोन दिवसांची उरते किंवा उरतच नाही.

पूर्ण नोटिशीच्या अर्जाचा गाभा असा:

«मी आपल्या संस्थेच्या प्राथमिक शाळेत सहशिक्षिका या पदावर कायम सेवेत आहे. एम.एड. या पूर्णवेळ अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा असल्याने मी पदाचा राजीनामा देत आहे. नियम ४० नुसार दि. १५ जुलै २०२६ पासून तीन महिन्यांची नोटीस देत असून दि. १४ ऑक्टोबर २०२६ रोजी शाळा सुटल्यानंतर मला कार्यमुक्त करावे.»

यात पैसे जात नाहीत आणि संस्थेलाही दुसरा शिक्षक पाहायला वेळ मिळतो. अडचण प्रवेशाची आहे. जानेवारीत नोटीस द्यायची तर सीईटीचा निकालही हातात नसतो; नोकरी सोडून बसायचं आणि जागा मिळाली नाही तर दोन्हीकडून जायचं. जुलैत द्यायची तर वर्ग तुमच्या कार्यमुक्तीच्या आधी सुरू होतात. «प्रवेश मिळाल्यास राजीनामा समजावा» असं लिहून यातून वाट काढायला जाऊ नका. अशा सशर्त अर्जाची मुदत कधी सुरू झाली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि संस्था तो दप्तरी टाकून मोकळी होते.

दुसऱ्या अर्जात शेवटचं वाक्य बदलतं: «नोटिशीच्या कालावधीत कमी पडणाऱ्या मुदतीचे वेतन भरण्यास मी तयार आहे, तरी मला दि. … रोजी कार्यमुक्त करण्याची परवानगी द्यावी.» इथे पैसे म्हणजे फक्त मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे त्यात येत नाही. मूळ वेतन ३८,१०० असेल तर पूर्ण तीन महिन्यांचे १,१४,३०० रुपये होतात. ही रक्कम ऐकून पुष्कळ जण नुसतं «तत्काळ प्रभावाने राजीनामा» लिहून निघून जातात. ते संस्थेला परवडत नाही, कारण नोटीस किंवा वेतन न घेता सोडलं तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. सचिव सही करत नाहीत त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, आणि ते रास्त आहे.

मात्र नियमात आणखी एक सोय आहे: पैसे जेवढी मुदत कमी पडेल तेवढ्यापुरतेच. म्हणून जुलैची खिडकी मिळत असेल तर आमच्या मते दोन्ही अर्जांचं मिश्रण सर्वांत चांगलं. वरच्या अर्जातल्या शिक्षिकेने १५ जुलैला नोटीस दिली आणि १ सप्टेंबरला महाविद्यालयात हजर व्हायचं ठरलं, तर ती ३१ ऑगस्टपर्यंत शिकवते. कमी पडतो तो सप्टेंबर पूर्ण आणि ऑक्टोबरचे १४ दिवस. सप्टेंबरचे ३८,१००, ऑक्टोबरचे ३१ पैकी १४ दिवसांचे १७,२०६. एकूण ५५,३०६ रुपये. निम्म्याहून जास्त पैसे वाचले. प्रवेश निश्चित झाला की या दुसऱ्या मागणीचा स्वतंत्र अर्ज द्यायचा, त्यात आधीच्या नोटिशीची तारीख आणि हा हिशेब लिहायचा. लवकर सोडणं हा आपला हक्क नाही, ती व्यवस्थापनाची परवानगी आहे; म्हणून भाषा विनंतीची ठेवा. प्रवेश नाहीच मिळाला तर राजीनामा मंजूर व्हायच्या आत तो मागे घेत असल्याचं लेखी द्या. मंजुरीनंतर ते वादाचं होतं.

अर्ज कुठलाही असो, तो मुख्याध्यापकांच्या नावे लिहून भागत नाही. कायद्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. म्हणजे «मा. अध्यक्ष/सचिव» आणि खाली «मार्फत: मुख्याध्यापक». २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या. त्याच दिवशी एक झेरॉक्स शाळेत देऊन तिच्यावर आवक क्रमांक टाकून घ्या. नोटीस कधी मिळाली यावरून वाद झाला तर हाच आकडा उपयोगी पडतो. तारखेची जागा कोरी ठेवून सही केलेला अर्ज मात्र कोणाच्याही हाती देऊ नये.

पैसे रोख देऊ नका. चेकने किंवा खात्यावर भरा आणि पावतीवर «नियम ४० नुसार नोटीस-वेतन» असं लिहून घ्या. कार्यमुक्तीच्या दिवशी तीन कागद हातात हवेत: राजीनामा मंजुरीचं पत्र, कार्यमुक्ती आदेश आणि अनुभव प्रमाणपत्र. सेवापुस्तकात शेवटच्या दिवसाची नोंद झाली का ते स्वतः पाहा. पुढे दुसऱ्या शाळेत रुजू होताना शालार्थवरचं नाव जुन्याच शाळेत अडकलेलं निघतं, ते बहुधा ही नोंद राहून गेल्यामुळे.