महिन्याला 80 तास, 12 हजार रुपये: सांगलीतल्या अर्धवेळ हिशेबाच्या नोकरीचा सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मुलं शाळेत रुळली आणि सासूबाईंचं दुखणं आटोक्यात आलं तसं मी पुन्हा काम शोधायला लागले. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी एका कर सल्लागारांकडे टॅलीवर हिशेब लिहायचे. तेव्हा व्हॅट होता. जीएसटी आला 1 जुलै 2017 ला आणि तोवर मी घरी बसले होते. त्यामुळे ‘अनुभव आहे, पण मधे मोठा खंड आहे’ अशी माझी गत होती. अशा बाईला सांगलीत अर्धवेळ काम मिळतं, नाही असं नाही. पण किती तास, कोणतं काम आणि किती पैसे, हे आधी सांगणारी जाहिरात क्वचितच सापडते.

मी ज्या जाहिरातीवरून लागले ती मार्केट यार्डाजवळच्या एका छोट्या कर सल्लागार कार्यालयाची होती. त्यांचे बहुतेक क्लायंट हळद आणि बेदाण्याचे व्यापारी, काही अडते, थोडे दुकानदार. जाहिरातीतला महत्त्वाचा मजकूर असा होता:

‘महिन्याला 80 तास. 8 ते 11 आणि 14 ते 20 या तारखांना रोज 5 ते 6 तास यावं लागेल, बाकी दिवस आपापसांत ठरवू. कामं: खरेदी-विक्रीच्या नोंदी, 2बी जुळवणी, बिलांसाठी पार्टीला फोन. वसुली, बँकेत जाणं, नोटिशीला उत्तर ही कामं नाहीत. तासाला 150 रुपये, 80 तासांचे 12,000, जादा तास त्याच दराने, 7 तारखेपर्यंत खात्यावर. पहिला महिना शिकण्याचा: 60 तास, तासाला 100. मधे खंड असला तरी चालेल, टॅली येत असावं.’

यात सगळ्यात मोलाची गोष्ट मला तासांची मांडणी वाटते. बहुतेक ठिकाणी ‘रोज चार तास’ असं लिहितात. जीएसटीचं काम रोज चार तासांच्या मापात बसतच नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-1, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जावं लागतं. 14 तारखेला पोर्टलवर 2बी तयार होतं. आपल्याला माल देणाऱ्यांनी जी बिलं त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवली, त्यांची ती यादी. ती खरेदीच्या नोंदींशी जुळवून 20 तारखेपर्यंत कर भरण्याचं रिटर्न, म्हणजे 3बी, भरायचं. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. म्हणून 10 तारखेला ‘आज मुलाला ताप आहे, उद्या बघू’ असं चालत नाही. आणि 25 तारखेला कार्यालयात चार तास बसवून ठेवावं इतकं काम नसतं.

माझा साधा महिना साधारण असा जातो. पहिल्या आठवड्यात सहा दिवस रोज तीन तास, म्हणजे 18. आठ ते अकरा या चार दिवसांत रोज सहा, म्हणजे 24. बारा-तेराला सुट्टी. चौदा ते वीसमध्ये रविवार सोडून सहा दिवस रोज पाच, ते झाले 30. नंतरच्या दिवसांत बँक जुळवणीसाठी चार वेळा दोन-दोन तास, 8. एकूण 80. हे आधी माहीत असल्यामुळे मी घरचं वेळापत्रक तारखांवर बसवलं. 10 तारखेला डबा आणि शिकवणीची ने-आण नवऱ्याकडे, 24 ला सगळं माझ्याकडे. शाळेतली पालकसभाही शक्य असेल तेव्हा महिनाअखेरीला मागून घेते. मला लवचीक वेळ याच अर्थाने मिळाली. रोज मनाला येईल तेव्हा यायचं अशी ती नाही, पण कोणते दिवस आपले आणि कोणते कामाचे हे पक्कं माहीत असतं.

आता पैशाबद्दल. त्याच सुमारास मी आणखी एक जाहिरात पाहिली होती: ‘पार्ट टाइम अकाउंटंट, 11 ते 4, पगार 9,000’. बारा आणि नऊ हजारांत फार अंतर वाटत नाही. पण 11 ते 4 म्हणजे पाच तास आणि शनिवार धरून महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 130 तास. तासाला 69 रुपये पडतात. माझ्या दराच्या निम्मेसुद्धा नाहीत. अर्धवेळ कामाची जाहिरात दिसली की मी आता मैत्रिणींना आधी हाच भागाकार करायला सांगते, आणि शनिवार धरला आहे का ते विचारायला लावते.

हातात पडणारी रक्कम पूर्ण 12,000 असते. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर लागत नाही. पीएफ साधारणपणे 20 आणि ईएसआय 10 माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. आमचं कार्यालय त्याहून लहान, म्हणून तेही कापलं जात नाही. याची दुसरी बाजूही आहे: आजारपणाचा किंवा पुढच्या पुंजीचा काहीही आधार या नोकरीतून मिळत नाही. घरात दुसरी कमाई असलेल्या बाईला हे परवडतं. एकटीवर घर असेल तिने या पगाराकडे त्या नजरेने बघावं.

शिकण्याच्या महिन्याचा कमी दर मला खटकला नाही, कारण तो किती दिवस चालणार हे लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या महिन्यापासून दर खरोखर 150 झाला. ‘आधी काम बघू, मग पगाराचं बोलू’ असं सांगणाऱ्या एका ठिकाणाहून मी त्याआधी परत आले होते.

खंड पडल्याची भीती होती ती जुळवणीच्या कामात गेली. व्हॅटच्या काळात आम्ही जे-1 आणि जे-2 ही विक्री-खरेदीची परिशिष्टं भरायचो, त्यात समोरच्याचा टिन चुकला की वजावट अडकायची. आता टिनच्या जागी 15 अक्षरी जीएसटी क्रमांक आला, पण डोकं तिथेच चालतं. एक उदाहरण सांगते. एका हळद व्यापाऱ्याचं बारदानाचं बिल आमच्या खरेदीत होतं, 2बी मध्ये नव्हतं. पुरवठादार म्हणाला, ‘मी तर रिटर्न भरलंय.’ मी बिलाचा फोटो मोठा करून पाहिला तर आमच्या पार्टीच्या क्रमांकातला एक आकडा त्याच्याकडून चुकीचा पडला होता. त्याला पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करायला सांगितली आणि तोवर त्या बिलावरच्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, आम्ही घेतली नाही. सरांनी एवढंच म्हटलं, ‘ताई, हे तुम्ही पोर्टल न उघडता पकडलंत.’

हळदीच्या व्यापाऱ्यांचं आणखी एक वेगळेपण मला इथेच कळलं. शेतकऱ्याकडून आलेल्या मालाच्या पट्ट्या 2बी मध्ये कधीच दिसणार नाहीत, कारण शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही. तिथे जुळवायचं ते बारदान, वाहतूक, पॅकिंग आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडची खरेदी. पण पट्ट्यांची नोंद तर करावीच लागते: वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. एका व्यापाऱ्याच्या पट्ट्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून येतो. कार्बनची निळी अक्षरं, हळदीच्या भुकटीने पिवळे पडलेले कोपरे, आणि सात आहे की एक हे प्रत्येक पाचव्या पट्टीवर थांबून बघावं लागतं. या कामाला वेळ लागतो आणि जाहिरातीत ते फक्त ‘नोंदी’ या एका शब्दात येतं.

दोन ठिकाणी जाहिरात कमी पडली.

पहिलं, फोन. ‘बिलांसाठी पार्टीला फोन’ हे काम कार्यालयातच होईल असं मी धरलं होतं. व्यापारी मात्र सौदे उरकल्यावर संध्याकाळी मोकळे होतात आणि तेव्हा व्हॉट्सॲपवर बिलं टाकतात, फोन करतात. सुरुवातीला रात्री आठनंतरही फोन वाजायचा. मी सरांशी बोलले. त्यांनी वाद घातला नाही. आता घरून केलेलं फोनचं काम मी 15 मिनिटांच्या हिशेबाने वहीत लिहिते, ते तासांत धरलं जातं, आणि सातनंतरचे निरोप दुसऱ्या दिवशी बघायचे असं सगळ्या पार्ट्यांना कळवलं आहे. कार्यालयात बिलांची वाट बघत बसलेला वेळसुद्धा मोजला जातो. हे मी मुद्दाम सांगते, कारण एका मैत्रिणीला दुसरीकडे ‘एंट्रीवर पैसे’ मिळतात आणि बिलं उशिरा आली की तिचा दुपारचा वेळ फुकट जातो.

दुसरं जास्त गंभीर होतं. जाहिरातीत महिन्यातल्या गर्दीच्या तारखा होत्या, पण वर्षातली गर्दी नव्हती. नव्या हळदीची आवक वाढली की पट्ट्यांचे गठ्ठे दुप्पट होतात, त्यातच मार्चअखेर येते, आणि घरी मुलांच्या परीक्षा असतात. फेब्रुवारीत माझे तास 104 झाले. जादा 24 तासांचे 3,600 रुपये 7 तारखेला जमा झाले, एक रुपया कमी नाही. पण मला त्या वेळी पैशापेक्षा मर्यादा हवी होती. जादा तासांचा दर लिहिला होता, जादा किती हे लिहिलं नव्हतं.

मार्च सुरू व्हायच्या आधी आम्ही बसून ठरवलं: कोणत्याही महिन्यात 100 च्या वर तास नाहीत. त्यापुढच्या पट्ट्या त्या-त्या व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी एक्सेलमध्ये भरून पाठवायच्या आणि मी फक्त तपासून टॅलीत घ्यायच्या. दोन व्यापाऱ्यांनी ते मान्य केलं. एकाने नाही केलं, त्याच्याकडून सर पट्टीमागे वेगळी फी घेतात आणि ते काम दुसरी मुलगी करते. मार्चमध्ये माझे तास 98 झाले.

सर आता आणखी एकीला घेणार आहेत. नवी जाहिरात त्यांनी मला वाचायला दिली तेव्हा मी त्यात दोन ओळी घालायला सांगितल्या: ‘फेब्रुवारी ते मे 100 तासांपर्यंत, त्याहून जास्त नाही’ आणि ‘घरून केलेले फोन तासांत धरले जातील’. दोन्ही घातल्या आहेत. दर मात्र 150 च ठेवला आहे. माझं वर्ष भरलं की वाढीचं बोलायचं आहे, ते अजून कुठेच लिहिलेलं नाही.