मोमेंटम रँकिंग स्क्रीनर: काही महिने वापरल्यावर, आणि तीस दिवसांपूर्वीच्या त्या एका कॅन्डलबद्दल

कॉइन्सना ७, ३० आणि ९० दिवसांच्या आरओसीवरून, म्हणजे तेवढ्या दिवसांत भाव किती टक्के बदलला त्यावरून, क्रम देणारा एक स्क्रीनर मी पैसे भरून घेतला होता. तिन्ही आरओसी काढायचे, प्रत्येकात कॉइनचा नंबर लावायचा, तीन नंबरांची सरासरी घ्यायची आणि वरचे दहा दाखवायचे. ज्यांनी असलं काही वापरलंय त्यांना बाकी सांगायला नको. दिसायला छान आहे, रोज वेळेवर अपडेट होतो, मोबाइलवर अडकत नाही. तक्रार गणिताबद्दल आहे.

सकाळी साडेपाचला दिवसाची कॅन्डल बंद होते (यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच), तेव्हा यादी बदलते. एके दिवशी माझ्याकडचा कॉइन दुसऱ्या नंबरवरून थेट पंचविशीत गेला. भाव बघितला तर आदल्या दिवशीच्या जवळपास तिथेच. बातमी नाही, व्हॉल्यूम नेहमीसारखा. सपोर्टला लिहिलं, उत्तर आलं की फॉर्म्युला बरोबर आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. फॉर्म्युला बरोबरच आहे हो. आजचा बंद भाव भागिले ३० दिवसांपूर्वीचा बंद भाव, वजा एक. प्रश्न भागाकारात खाली बसलेल्या त्या जुन्या आकड्याचा आहे. तो रोज एक कॅन्डल पुढे सरकतो. महिन्यापूर्वी मोठी उडी लागली असेल, तर उडीच्या आधीचा स्वस्त भाव ज्या दिवशी ३० दिवसांच्या खिडकीबाहेर पडतो, त्या दिवशी आज काहीही न घडता आरओसी कोसळतो. महागाईच्या आकड्यांत ज्याला बेस इफेक्ट म्हणतात, तोच हा प्रकार.

सगळ्यांना तपासता येईल असं उदाहरण देते: एक्सआरपी, २०२४ अखेर. १० नोव्हेंबरला भाव साधारण ०.५८ डॉलर, ३ डिसेंबरला साधारण २.६, १० डिसेंबरला साधारण २.३. म्हणजे १० डिसेंबरला ३० दिवसांचा आरओसी ३०० टक्क्यांच्या आसपास. अशा यादीत तो वरच असणार. पुढे जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात भाव २.४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिथेच, पण ३० दिवसांचा आरओसी शून्याजवळ. भाव हलला नाही आणि आकडा तीनशेवरून शून्यावर आला, कारण खालचा आकडा ०.५८ वरून अडीचच्या घरात सरकला.

हे कळल्यावर मी ‘आरओसी निकामी आहे’ असंच लिहिणार होते. ते मत बदललं, कारण याच उदाहरणात दुसरी गोष्ट दिसली आणि ती जास्त महत्त्वाची आहे. १० डिसेंबरला एक्सआरपी वेग घेत नव्हता, वेग घालवत होता. ३०० टक्के म्हणजे महिन्याभरात किती अंतर कापलं ते. प्रवेग हवा असेल तर अलीकडचा रोजचा वेग आधीच्या रोजच्या वेगाशी ताडून बघावा लागतो. १० नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या २३ दिवसांत लॉग परताव्याने दिवसाला साधारण साडेसहा टक्के. नंतरच्या ७ दिवसांत दिवसाला उणे पावणेदोन. फरक उणे आठच्या पुढे. प्रवेगाच्या यादीत हा कॉइन तळाला हवा, आणि माझा स्क्रीनर ‘ॲक्सिलरेटिंग’ नावाच्या टॅबमध्ये असेच कॉइन वर ठेवतो. मला खरा राग या नावाचा आहे.

तीन मुदतींची सरासरी घेऊन हे सुटत नाही, कारण त्या मुदती एकमेकींच्या पोटात आहेत. शेवटचे ७ दिवस ३० मध्येही मोजले जातात आणि ९० मध्येही. एका दिवसाचा पंप तिन्ही रकान्यांत गुण घेऊन जातो आणि आपल्याला वाटतं तीन स्वतंत्र साक्षी मिळाल्या. मुदती वेगळ्या तोडाव्या लागतात: शेवटचे ७ दिवस, आणि त्याआधीचे २३. टक्क्यांऐवजी लॉग घ्यायचा, म्हणजे दुप्पट होणं आणि निम्मं होणं सारख्याच मापाचं धरलं जातं. आणि जुना भाव एका कॅन्डलवरून न घेता आजूबाजूच्या पाच दिवसांची सरासरी घ्यायची. त्याने पायाचा धक्का एका सकाळी न बसता पाच दिवसांत पसरतो. नाहीसा होत नाही, हे ध्यानात ठेवा.

मी चार्टवर आता एवढंच लावते, दिवसाच्या टाइमफ्रेमवर:

```
//@version=6
indicator("Praveg")
s = ta.sma(close, 5)
navin = math.log(close / s[5]) / 7
juna = math.log(s[5] / s[28]) / 23
plot((navin - juna) * 100)
```

`s[5]` म्हणजे ५ ते ९ दिवसांपूर्वीच्या भावांची सरासरी, मध्य सातव्या दिवशी. `s[28]` चा मध्य तिसाव्या दिवशी. चालू कॅन्डल बंद होईपर्यंत आकडा हलत राहतो, म्हणून मी साडेपाचनंतरच बघते.

यातही एक खोड आहे. दिवसाला तीन टक्के पडणारा कॉइन आता एक टक्का पडायला लागला, तर फरक अधिक दोन येतो आणि तो ‘वेग घेणाऱ्यां’त चढतो. पडझड मंदावली आहे, चढ सुरू झालेला नाही. म्हणून `navin` शून्याच्या वर असेल तरच कॉइन यादीत घ्यायचा. आणि वरच्या पाचांचे सात दिवस डोळ्यांनी बघायचे. सगळी वाढ एकाच कॅन्डलमध्ये असेल, तर आठवडाभराने ती कॅन्डल नव्या खिडकीतून जुन्या खिडकीत जाईल आणि गुण उलटे होतील. वाढ चार-पाच दिवसांत विभागलेली असेल, तर मी गांभीर्याने घेते. स्टेबलकॉइन आणि रॅप्ड टोकन आधीच गाळा. ते भर म्हणून जागा अडवतात आणि सगळ्यांचे क्रमांक उगाच हलवतात.

आता पैशांचं. स्क्रीनरवाले दर आठवड्याला वरचे घ्या, खालचे विका, असा सल्ला देतात. भारतात राहून हे परवडत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. सगळी रक्कम दर आठवड्याला फिरवली, तर वर्षाच्या ५२ विक्रींत, भाव जराही न हलता, भांडवलाचा सुमारे ४० टक्के भाग टीडीएसमध्ये जाऊन बसतो. रिटर्न भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तो कामाला नाही. वर नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. आरओसीची यादी चालते ती बऱ्याच लहान तोट्यांवर आणि मोजक्या मोठ्या नफ्यांवर. आपला कायदा नेमके ते लहान तोटे मोजायला नकार देतो. हा हिशेब परदेशातल्या एकाही बॅकटेस्टमध्ये नसतो.

म्हणून मी यादीचा वापर उलटा केला आहे. काय विकायचं हे ती ठरवत नाही. दरमहा जी नवी रक्कम टाकायची असते, ती कुठे टाकायची एवढंच तिला विचारते. खरेदीला टीडीएस नाही, त्यामुळे क्रम चुकीचा निघाला तरी फिरवाफिरवीचा खर्च होत नाही. या कामासाठी प्रवेगाचा क्रम मला खरंच आवडला आहे. कोणता कॉइन आधीच पळून दमलाय आणि कोणता आत्ता सरसावतोय, एवढा भेद तो स्पष्ट दाखवतो.

स्क्रीनरचं नूतनीकरण केलेलं नाही. त्यांनी टॅबचं नाव बदलून ‘३० दिवसांची वाढ’ ठेवलं आणि प्रत्येक कॉइनशेजारी आज खिडकीतून कोणती कॅन्डल बाहेर पडली हे दाखवलं, तर मी पुन्हा पैसे भरीन. तसं त्यांना लिहून पाठवलं आहे. घेणार असाल तर मासिक घ्या, वार्षिक नको. यादीत कॉइन एकदम वर-खाली झाला की आधी भाव बघा. भाव जागच्या जागी असेल तर चार्टवर तीस कॅन्डल मागे जा. त्या बदलाचं कारण तिथेच सापडेल.